शीर्षक सुचत नसेल, तर पान शोधाबाहेर ठेवा

वर्डप्रेसमध्ये लेख लिहून तो प्रसिद्ध केला की लिहिणाऱ्याला एकच पान दिसते. प्रत्यक्षात त्या एका क्लिकने बरीच पाने जन्माला आलेली असतात. लेखाला सहा नवे टॅग दिले असतील, तर प्रत्येक टॅगचे एकेक पान तयार होते. लेखकाच्या नावाचे पान असते, कॅटेगरीचे असते, महिन्याचेही असते. ही पाने कोणी लिहिलेली नसतात. सॉफ्टवेअर लेखांची यादी काढते, तिला पत्ता देते आणि गूगलपुढे ठेवते. वर्डप्रेसमध्ये टॅग आले ते २००७ साली, २.३ या आवृत्तीबरोबर. त्याआधी सगळी मदार कॅटेगऱ्यांवर असे, आणि नवी कॅटेगरी काढण्यापूर्वी माणूस थोडा तरी विचार करी. टॅगने तो विचार संपवला: चौकटीत शब्द लिहायचा, स्वल्पविराम द्यायचा, पुढचा शब्द लिहायचा. या पुस्तिकेचा विषय आहे त्या सवयीतून उरलेली पाने, म्हणजे टॅगची आणि लेखकांची. त्यांतली कोणती गूगलच्या यादीत असावीत, कोणती नसावीत आणि हे ठरवायचे कसे, एवढाच प्रश्न इथे घेतला आहे.

उदाहरणासाठी पाककृतींची एक मराठी साइट कल्पू. तिच्यावर १२० लेख आहेत, दोन लेखिका आहेत, आठ कॅटेगऱ्या आहेत. प्रत्येक लेखाला सरासरी सहा टॅग दिले आहेत, म्हणजे ७२० वेळा टॅग लावला गेला आणि त्यातून ४१० वेगवेगळे टॅग निघाले. त्यांपैकी २९० टॅग एकाच लेखाला लावलेले आहेत. आकडे कल्पित असले तरी प्रमाण ओळखीचे वाटेल. चारपाच वर्षे चाललेल्या कुठल्याही साइटची टॅगयादी उघडून बघावी. इथे लिहिलेली पाने १२० आणि, महिन्यांची पाने सोडली तरी, आपोआप झालेली ४२० आहेत. बाहेरून येणाऱ्या गूगलच्या दृष्टीने ही साइट मुख्यतः याद्यांची आहे आणि मधूनमधून तिच्यात लेख आहेत.

आता या ४१० पैकी एक टॅग जवळून बघू. 'तळणीचे मोदक' नावाचा लेख आहे आणि त्यालाच 'तळणीचे मोदक' हा टॅगही दिला आहे. टॅगच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'टॅग: तळणीचे मोदक' असे काहीतरी दिसते, म्हणून ते पान वेगळे आहे असा समज होतो. पण शोधाच्या निकालात दिसण्याची शक्यता असते ती त्या पानाच्या कोडमधल्या `<title>` या ओळीला, आणि तिथे वर्डप्रेस 'टॅग' हा शब्द लावत नाही. लेखाच्या पानावर लेखाचे नाव आणि साइटचे नाव येते; टॅगच्या पानावर टॅगचे नाव आणि साइटचे नाव येते. दोन्ही पाने उघडून कोड पाहिला तर दोन्हीकडे ही एकच ओळ सापडते:

```html
<title>तळणीचे मोदक – माझे स्वयंपाकघर</title>
```

'मोदक' नावाची कॅटेगरी आणि 'मोदक' नावाचा टॅग असेल तर तिथेही हेच घडते. थीम जर यादीत लेखाचा सारांश न देता पूर्ण मजकूर दाखवणारी असेल, तर एका लेखाच्या टॅगचे पान म्हणजे त्या लेखाची दुसरी प्रत झाली.

याने बिघडते काय, हे नीट सांगायला हवे, कारण या बाबतीत भीती फार पसरली आहे. 'डुप्लिकेट कंटेंट'बद्दल गूगल दंड करते, साइट खाली ढकलते, असे सर्रास सांगितले जाते. एकाच साइटवर मजकुराची पुनरावृत्ती झाली म्हणून असा दंड नसतो, हे गूगलने २००८ मध्येच आपल्या अधिकृत ब्लॉगवर स्पष्ट केले होते. दुसरी भीती 'क्रॉल बजेट'ची: फालतू पाने वाचण्यात गूगलचा वेळ गेला तर चांगली पाने वाचायची राहतील. गूगलच्याच मार्गदर्शनानुसार ही काळजी दहा लाखांच्या वर पाने असणाऱ्या साइटींनी करायची, किंवा रोज मजकूर बदलणाऱ्या आणि दहा हजारांच्या वर पाने असणाऱ्यांनी. साडेपाचशे पानांच्या आपल्या साइटला ती करायचे कारण नाही. शिवाय `noindex` लिहिल्याने वाचन टळतही नाही, कारण ती सूचना वाचण्यासाठी गूगलला पान आधी उघडावेच लागते. म्हणजे टॅगची पाने शोधाबाहेर ठेवावीत असे म्हणणाऱ्यांची दोन आवडती कारणे पहिल्याच फेरीत बाद होतात.

खरे नुकसान याहून साधे आहे. एकाच प्रश्नासाठी आपण दोन पाने पुढे केली की त्यांतले कोणते दाखवायचे हे गूगल ठरवते आणि तो निर्णय दर वेळी आपल्या सोयीचा असेलच असे नाही. सर्च कन्सोलमध्ये कामगिरीचा अहवाल उघडून एखादा शोधशब्द निवडावा आणि मग पानांची यादी पाहावी. 'तळणीचे मोदक' या एका शब्दाखाली लेखाचा आणि `/tag/` असलेला असे दोन पत्ते आलटूनपालटून दिसत असतील, तर गोंधळ आहे असे समजावे. टॅगच्या पानावर उतरलेल्या वाचकाला कृती मिळत नाही. मिळते ती एका ओळीची यादी, आणि तिच्यावर आणखी एकदा क्लिक करावे लागते. ज्याच्या हाताला पीठ लागले आहे तो ते करत बसत नाही, मागे जातो. बऱ्याचदा गूगल अशी पाने स्वतःहूनच बाजूला ठेवते. मग ती पानांच्या अहवालात `Crawled - currently not indexed` या शीर्षकाखाली शेकड्यांनी जमतात आणि त्या ढिगात एखादा चांगला लेख अडकला असेल तर तो नजरेला पडत नाही. देखभाल करणाऱ्याच्या दृष्टीने मला हे नुकसान सगळ्यांत मोठे वाटते.

म्हणून या पुस्तिकेची भूमिका अशी: पान शोधात ठेवणे हा एक दावा आहे. अमुक प्रश्न घेऊन येणाऱ्या माणसाला आमच्या साइटवरचे हेच पान सर्वांत उपयोगी पडेल, असा तो दावा असतो. आणि तो खरा आहे की नाही हे तपासायचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे शीर्षक. टॅगच्या पानासाठी एक शीर्षक लिहून पाहावे. ते साइटवरच्या इतर कुठल्याही पानाला लागू पडता कामा नये, आणि शोधणाऱ्याच्या तोंडी असू शकेल असा विषय त्यात असावा. असे शीर्षक सुचले तर पानाला अर्थ आहे. नाही सुचले तर दोष शीर्षक लिहिणाऱ्याचा नसतो. त्या पानाला स्वतःचे असे काही नाही, एवढेच त्यातून कळते.

'उपवास' हा टॅग घ्या. साबुदाण्याची खिचडी 'न्याहारी'त आहे, राजगिऱ्याचे लाडू 'गोड पदार्थां'त आहेत, वरीचे तांदूळ 'भाताच्या प्रकारां'त आहेत, उपवासाची बटाट्याची भाजी आणखी कुठे. एकादशीच्या आदल्या दिवशी शोधणाऱ्याला हे सगळे एकत्र हवे असते आणि आठांपैकी एकही कॅटेगरी ते एकत्र देत नाही. इथे 'उपवासाचे पदार्थ: साबुदाणा, वरी आणि राजगिऱ्याच्या पाककृती' हे शीर्षक सहज सुचते आणि ते दुसऱ्या कुठल्याही पानाला चिकटवता येत नाही. आता 'सोपे', 'चविष्ट', 'घरगुती' हे टॅग घ्या. त्यांच्या पानांना कितीही शब्द जोडले तरी ते शीर्षक साइटवरच्या प्रत्येक पानाला लागू पडेल. 'गोड' हा टॅग तर 'गोड पदार्थ' या कॅटेगरीचीच नक्कल आहे. मधल्या पट्ट्यात 'तांदळाचे पीठ' असा टॅग येतो. मोदकांची उकड, घावन, आंबोळी असे सातआठ लेख त्यात असतील तर पान ठेवावे. दोनच असतील तर अजून वेळ आलेली नाही. लेखांच्या संख्येची एकच ठाम मर्यादा मी सांगणार नाही. चार लेखांचे पान सार्थ असू शकते आणि चाळीस लेखांचे 'चविष्ट' पान निरर्थक असते.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की एवढा खटाटोप कशाला, एसईओचे प्लगइन साचा देतेच. साच्यात टॅगचे नाव, 'संग्रह' हा शब्द, पानाचा क्रमांक आणि साइटचे नाव भरले की ४१० पानांना ४१० वेगवेगळी शीर्षके मिळतात. तांत्रिकदृष्ट्या ते खरे आहे. तपासणीच्या साधनातला 'एकसारखी शीर्षके' हा लाल इशारा निघूनही जाईल. पण पानावरची परिस्थिती तीच राहते. 'तळणीचे मोदक संग्रह' या शीर्षकाखाली अजूनही एकच मोदक आहे, आणि शोधणाऱ्याने त्यावर का क्लिक करावे याचे उत्तर त्या तीन शब्दांत नाही. साचा उपयोगी पडतो तो एकाच टॅगच्या यादीची दुसरी-तिसरी पाने वेगळी ओळखू यावीत म्हणून. वर्डप्रेस मुळात एका पानावर दहा लेख दाखवते, तेव्हा 'उपवास' टॅगचे अकराव्या लेखाला दुसरे पान होतेच. तिथे पानाचा क्रमांक आपोआप लागला तरी चालते. पहिल्या पानाचे शीर्षक मात्र माणसाने लिहावे.

मराठीत टॅग देणाऱ्यांना आणखी दोन गोष्टींनी त्रास होतो आणि इंग्रजी मार्गदर्शकांत त्या सहसा सापडत नाहीत. पहिली शुद्धलेखनाची. 'पाककृती' आणि 'पाककृति', 'दीपावली', 'दिपावली' आणि 'दिवाळी', 'रेसिपी' आणि रोमन लिपीतले `recipe`: यांतला प्रत्येक शब्द वर्डप्रेसच्या लेखी वेगळा टॅग आहे आणि त्याचे वेगळे पान आहे. दोन लेखिका असल्या की हे हमखास होते. टॅग एकत्र करायचे बटण वर्डप्रेसच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही. चुकीच्या टॅगखालचे लेख निवडून त्या सगळ्यांना एकदम योग्य टॅग द्यायचा, मग चुकीचा टॅग काढून टाकायचा आणि जुना पत्ता नव्याकडे वळवायचा, असे करावे लागते. दुसरी गोष्ट पत्त्याची. टॅगच्या नावावरून पत्त्यात जाणारा स्लग तयार होतो आणि त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ रोमन चिन्हांचे होते. काना, मात्रा आणि हलन्त हेही स्वतंत्र धरले जातात. म्हणजे साधारण बावीस चिन्हांनंतर पत्ता तुटतो. 'उपवासाच्या साबुदाण्याच्या पाककृती' हा टॅग दिला तर त्याचा स्लग 'उपवासाच्या-साबुदाण्याच्' असा, च् वर लटकलेला राहतो. ठेवायच्या टॅगांना `upvas` असा छोटा स्लग हाताने द्यावा, आणि तो सुरुवातीलाच द्यावा. लेखाचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेते. टॅगच्या बाबतीत ही सोय नाही.

पान बाहेर ठेवायचे ठरले की ते कसे, हा पुढचा भाग आणि नेमक्या इथेच चुका होतात. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे `robots.txt` मध्ये `/tag/` बंद करणे. त्या फाइलने गूगलला पान वाचायला मनाई होते. यादीत घ्यायला होत नाही. बाहेरून कोणी त्या पानाचा दुवा दिला असेल तर नुसता पत्ता निकालात दिसू शकतो, आणि पान वाचताच येत नसल्याने त्यातली `noindex` ही सूचना गूगलला कधी दिसतच नाही. दोन्ही उपाय एकदम करणारे सर्वांत जास्त फसतात. काही जण `robots.txt` मध्येच `noindex` लिहीत. त्याकडे लक्ष देणे गूगलने १ सप्टेंबर २०१९ पासून बंद केले. तिसरी पळवाट म्हणजे टॅगच्या पानावर 'मूळ पान तो लेख आहे' अशी `canonical` खूण लावणे. ती खूण सारख्याच मजकुराच्या पानांसाठी असते आणि गूगल तिला शिफारस मानते, हुकूम नव्हे. यादी आणि लेख सारखे नसतील तर ती दुर्लक्षित होण्याचीच शक्यता अधिक. तेव्हा पानातच `noindex` लिहिणे हा सरळ मार्ग. प्लगइनमध्ये त्यासाठी खटका असतो, पण तो बहुतेक वेळा सगळ्या टॅगांना एकदम लागतो. आपली कसोटी टॅगागणिक लावायची तर वर्डप्रेसमध्ये प्रत्येक टॅगला असलेली वर्णनाची चौकट कामी येते. ज्या टॅगसाठी कोणी दोन ओळी लिहिल्या तो शोधात जाईल, ज्याची चौकट रिकामी तो जाणार नाही:

```php
add_filter( 'wp_robots', function ( $robots ) {
    if ( is_tag() && '' === trim( get_queried_object()->description ) ) {
        return wp_robots_no_robots( $robots );
    }
    return $robots;
} );
```

हे ५.७ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत चालते. एसईओचे प्लगइन बसवले असेल तर एकाच ठिकाणाहून सूचना द्यावी, नाहीतर दोघांची टक्कर होते. साइटमॅपचाही मेळ घालावा लागतो. ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःच साइटमॅप बनवते आणि त्यात टॅग आणि लेखक दोन्ही घालते. एका हाताने पान सुचवायचे आणि दुसऱ्या हाताने नको म्हणायचे, असे झाले की गूगलला परस्परविरोधी सूचना जातात. बदल केल्यावर पानाचा कोड उघडून `robots` असलेली ओळ डोळ्यांनी पाहावी. निकालातून पान जायला मात्र गूगलची पुढची फेरी व्हावी लागते आणि क्वचितच उघडल्या जाणाऱ्या पानांची ती फेरी काही महिन्यांनीही होऊ शकते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टॅगची पाने साइटच्या आतली वाट असतात. ती बंद केली तर जुने लेख गूगलला सापडतील कसे? `noindex` बरोबर `follow` लिहिले की दुवे चालू राहतात असे म्हणून हा प्रश्न मिटवला जातो, पण गूगलच्या जॉन म्यूलर यांनी २०१७ मध्येच सांगितले होते की दीर्घकाळ `noindex` असलेले पान शेवटी पूर्णच गळते आणि त्यावरचे दुवेही मोजले जात नाहीत. म्हणजे आक्षेपातला धोका खरा आहे. पण तो त्याच साइटला लागू आहे, जिच्यात लेखापर्यंत जायची दुसरी वाटच नाही. आपल्या उदाहरणात प्रत्येक लेख एका कॅटेगरीत आहे, साइटमॅपमध्ये आहे, आणि लेखाखाली 'संबंधित पाककृती' असतील तर तिथूनही जोडलेला आहे. एकच लेख असलेल्या टॅगच्या पानावर तर दुवाही एकाच लेखाचा असतो आणि ते पान सापडते ते त्याच लेखातून. तिथे वाट म्हणून गमावण्यासारखे काहीच नव्हते. कॅटेगऱ्या नीट नसतील तर आधी त्या नीट कराव्यात, टॅगांना हात नंतर लावावा.

तिसरा आक्षेप वृत्तपत्रांच्या साइटी दाखवून घेतला जातो. तिथे एखाद्या नेत्याच्या किंवा धरणाच्या नावाचे टॅगचे पान निकालात वर असते आणि वाचकही आणते. बरोबर आहे, पण त्या पानामागे रोज भर पडणारा मजकूर असतो आणि 'या विषयावर नवे काय' हा वाचकाचा प्रश्नच यादीने सुटतो. मोदकांवर रोज नवे काही येत नाही. तरीही अंदाजाने ठरवायचे कारण नाही. सर्च कन्सोल मागील सोळा महिन्यांची आकडेवारी दाखवते. पानांच्या यादीला `/tag/` ची चाळणी लावावी. ज्या टॅगच्या पानांवर खरोखर क्लिक आले आहेत ती आधी बाजूला काढावीत, त्यांना शीर्षक आणि वर्णन द्यावे आणि मगच उरलेल्यांवर `noindex` लावावे. क्रम उलटा झाला तर आहे ती वर्दळ जाते.

लेखकांच्या पानांना हीच कसोटी लावली की उत्तर वेगळे येते. एकच लेखक असलेल्या साइटवर `/author/` चे पान म्हणजे मुखपृष्ठावरच्या यादीची नक्कल. ते सरळ 'लेखकाविषयी'च्या पानाकडे कायमचे वळवावे. त्या पत्त्यात बहुधा लॉगिनचे नावही उघडे पडते, हे वळवण्याचे आणखी एक कारण. दोन लेखिकांच्या आपल्या साइटवर मात्र ही पाने ठेवण्याजोगी आहेत. मूळ शीर्षक नुसते नाव आणि साइटचे नाव एवढेच असते, आणि प्रोफाइलमध्ये दिसण्याचे नाव बदलले नसेल तर ते चक्क 'admin'सारखे लॉगिनचे नाव असते. एक लेखिका मालवणी स्वयंपाकावर लिहीत असेल तर तिच्या नावापुढे 'मालवणी पाककृती' हे शब्द शीर्षकात यावेत आणि परिचयाच्या चौकटीत तिने काय, किती वर्षे केले आहे ते असावे. मजकूर कोणी लिहिला हे वाचकाला सहज कळावे, असे गूगलचे मार्गदर्शन सांगते, आणि नोव्हेंबर २०२३ पासून अशा पानांसाठी `ProfilePage` ही खूणही मानली जाते. एकदाच लिहून गेलेल्या पाहुण्या लेखकाचे पान वाचकासाठी राहू द्यावे, पण शोधाबाहेर.

शेवटी एक गोष्ट `noindex` च्या उत्साहात विसरली जाते. एकाच लेखाला लावलेल्या त्या २९० टॅगांपैकी बहुतेकांची गरज वाचकालाही नसते. पुस्तकाच्या शब्दसूचीत प्रत्येक शब्द घातला तर ती सूची राहत नाही. असे टॅग लपवून ठेवण्यापेक्षा काढून टाकणे बरे. टॅग गेला तरी लेखाला धक्का लागत नाही, आणि ज्यावर कधी कोणी आलेच नाही तो पत्ता ४०४ झाला तरी चालतो. तेव्हा पुढची प्रकरणे वाचण्यापूर्वी आपल्या साइटची टॅगयादी उघडा, लेखसंख्येच्या रकान्यावर क्लिक करून ती चढत्या क्रमाने लावा, आणि एकचा आकडा असलेल्या टॅगांपासून सुरुवात करा.